गोव्याच्या एसी खोलीत त्वचा कोरडी पडते तेव्हा: ह्युमिडिफायर कधी, किती आणि कसा

डिसेंबर उजाडला की गोव्यातही नडग्यांवर पांढुरके खवले दिसू लागतात, ओठ फुटतात, सकाळी उठल्यावर घसा खरखरीत लागतो. मग कुणीतरी हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर मागवतो. दिल्ली किंवा नागपूरसाठी दिलेला सल्ला वाचून तो रात्रभर पूर्ण जोरात चालवतो आणि फेब्रुवारीत कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. गोव्याची हवा इतर ठिकाणांपेक्षा वेगळी आहे. इथे ह्युमिडिफायर चालवण्याआधी तो हवा की नको हे ठरवायला लागते, आणि हवाच असेल तर अगदी थोडा.

आधी मोजा, मग विकत घ्या

पणजी, मडगाव, म्हापसा या किनारपट्टीत हिवाळ्यातही पहाटेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा सत्तर टक्क्यांच्या वर असते. दुपारी ती उतरते. पूर्वेकडून घाटावरचे कोरडे वारे आले तर काही दिवस दुपारी चाळीसच्याही खाली जाते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात पहाटे गारवा जास्त असतो आणि दुपारचा कोरडेपणाही जास्त जाणवतो. पण उघड्या खिडक्यांच्या घरात हा कोरडेपणा काही तासांचा असतो. रात्री समुद्राकडची दमट हवा परत येते.

एसी चालू असलेल्या बंद खोलीत गोष्ट वेगळी. एसीच्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, हवेतली वाफ जमते आणि पाणी होऊन बाहेरच्या पाइपातून ठिबकते. ते पाणी तुमच्या खोलीच्या हवेतूनच आलेले असते. म्हणून वाळपईच्या कौलारू घरातल्या माणसाला जे जमते ते पर्वरीच्या फ्लॅटमधल्या माणसाला जमेलच असे नाही. शिवाय कौलारू घराच्या फटींमधून हवा इतकी खेळते की तिथे ह्युमिडिफायरचे पाणी टिकतच नाही. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः बंद खोलीत, एसी लावून झोपणाऱ्यांसाठी आहे.

आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांना मिळतो. असे स्वस्त यंत्र चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवते, त्यामुळे आल्याआल्या त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ते ओलसर वाळूसारखे होईल इतपतच पाणी घाला. वर पाणी साचू देऊ नका. हे झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत, एकमेकांना न लावता, बंद करून रात्रभर कपाटात ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचे यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवा. या परीक्षेला पाकिटातले शुद्ध मीठ वापरा. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरातले जाडे मीठ माशाला उत्तम, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते आकडा खाली ओढतात.

मग हायग्रोमीटर उशाजवळ, नाकाच्या उंचीवर ठेवा. एसीचा झोत त्यावर थेट येऊ देऊ नका. तीन-चार रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर आकडा लिहून ठेवा. पहाटेचा आकडा महत्त्वाचा, कारण तोपर्यंत एसीने जे काढायचे ते पाणी काढलेले असते. पहाटे ४५ ते ५५ असेल तर ह्युमिडिफायर विसरून जा. त्वचेच्या कोरडेपणाचे कारण दुसरीकडे, बहुधा न्हाणीघरात, शोधा. ४० च्या खाली असेल तर हवा खरोखर कोरडी आहे. मधले आकडे असतील तर आधी एसीची मांडणी बदलून पाहा.

पंचावन्नच्या वर का जायचे नाही, हेही इथेच सांगतो. गाद्या-उशांतले धुळीतले सूक्ष्म किडे साधारण पन्नास टक्क्यांच्या वरच्या हवेत चांगले वाढतात, आणि इसब किंवा दमा असलेल्यांना त्यांचाच त्रास होतो. साठच्या पुढे भिंतीच्या कोपऱ्यात आणि चामड्यावर बुरशी धरायला लागते. गोव्यातल्या घरात ती आधीपासून टपूनच बसलेली असते. म्हणून इथे लक्ष्य ४५ ते ५०.

एसीने कोरडे केले, तर एसीलाच आवरा

रिमोटवर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह असते. कित्येक घरांत ते ‘ओलावा देणारे’ बटण समजून हिवाळ्यात मुद्दाम लावले जाते. ते नेमके उलटे आहे. तो ड्राय मोड आहे, आणि त्यात एसी हवेतले पाणी काढण्यावरच भर देतो. जुलैत कपडे वाळत नसतील तेव्हा तो लावावा. जानेवारीत लावू नये.

तापमान हा दुसरा धागा. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींत सुरू करताना आपोआप २४ अंश यावेत असा नियम आहे. पण बरेच जण तिथून खाली २०-२१ वर आणतात. तसे केले की कॉम्प्रेसर सतत चालतो, कॉइल खूप थंड होते आणि त्यावर जास्त पाणी जमते. २६ अंश आणि वर हळू फिरणारा छताचा पंखा ही जोडी बहुतेकांना पुरते. कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो, आणि इन्व्हर्टर एसी असेल तर कॉइलही कमी गार राहते.

तिसरा धागा एसीच्या आतल्या पंख्याचा. तो अगदी हळू ठेवला की हवा कॉइलवर रेंगाळते आणि जास्त कोरडी होऊन बाहेर पडते. तो मध्यम किंवा जास्त वेगावर ठेवा आणि पुढच्या पात्या वर, छताकडे वळवा. रात्रभर चेहऱ्यावर झोत घेणाऱ्या माणसाची त्वचा पन्नास टक्के आर्द्रतेतही सुकते, कारण वाहती हवा त्वचेवरचा ओलाव्याचा पातळ थर सतत उडवून नेते. पलंग हलवणे शक्य नसेल तर निदान पायांकडचा भाग झोतात येईल अशी झोपण्याची दिशा बदला.

चौथा उपाय सगळ्यांत स्वस्त: खिडकीला दोन बोटांची फट. इथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय तो पटत नाही. जानेवारीच्या रात्री बाहेर २१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेत साधारण १४ ते १५ ग्रॅम पाणी असते. एसीच्या खोलीत २३ अंश आणि ३८ टक्के असेल तर तिथे जेमतेम ८ ग्रॅम. म्हणजे कोरडी खोली ओल्या हवेने वेढलेली आहे. फट ठेवली की पाणी आपोआप आत येते. विजेचे बिल थोडे वाढते, डासांची जाळी नीट हवी, पण टाकी धुणे नाही आणि जंतूही नाहीत. पहाटे गार असेल तर तीनच्या पुढे टायमरने एसी बंद करून खिडकी उघडी ठेवणे त्याहून बरे.

एका खोलीचे उदाहरण

पर्वरीच्या एका फ्लॅटमधली वरच्या मजल्याची खोली घेऊ. दहा फूट बाय बारा फूट, उंची साडेनऊ, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. स्लॅब दिवसभर तापते, म्हणून घरातल्या काकू हिवाळ्यातही एसी २२ वर लावून झोपतात. वय साठीच्या पुढचे, पायांना खाज, नखांनी ओरबाडल्याच्या रेषा. खोलीतल्या हायग्रोमीटरचा पहाटेचा आकडा ३८, खोलीचे खरे तापमान २३.

पहिला बदल: एसी २६ वर, आतला पंखा मध्यम, पात्या वर, छताचा पंखा एक नंबरवर. अशा बदलानंतर पहाटेचा आकडा साधारण ४३-४४ पर्यंत चढू शकतो, पाण्याचा एक थेंबही न घालता. पण समजा २६ अंश काकूंना सोसत नाहीत आणि त्या २४ वर येतात. आकडा चाळिशीच्या आसपास अडकतो. आता ह्युमिडिफायरला अर्थ आहे.

किती पाणी लागेल? २४ अंशांना ३२ घनमीटर हवा ४० वरून ४८ टक्क्यांवर न्यायला फक्त ५५ ते ६० ग्रॅम पाणी पुरते. अर्धी वाटीही नाही. बाकी जे घालावे लागते ते कॉइलवर पुन्हा जमून पाइपातून जाते. म्हणून रात्रभराचा खर्च अर्ध्या ते पाऊण लिटरच्या घरात राहतो. तासाला ३०० मिलि फवारणारे यंत्र पूर्ण जोरात लावले तर आठ तासांत जवळजवळ अडीच लिटर सुटतात. ते सगळे कॉइल पकडू शकत नाही. उरलेले थंड भिंतीवर आणि गादीत मुरते. इतक्या खोलीला दोन-तीन लिटरची टाकी आणि जोर कमी-जास्त करायचे बटण असलेले लहान यंत्र पुरे. ठरावीक आर्द्रतेला आपोआप बंद होणारे मिळाले तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मात्र त्याच्या आतला मापक स्वतःच्याच धुक्यात बसलेला असतो. विश्वास उशाजवळच्या हायग्रोमीटरवर ठेवा.

यंत्र लावण्याची पद्धत अशी. कमरेएवढ्या उंचीच्या स्टुलावर, पलंगापासून आणि भिंतीपासून तीन-चार फूट दूर. लाकडी कपाट, विजेचा बोर्ड आणि एसीच्या खालची जागा टाळा. झोपण्याआधी अर्धा तास मध्यम जोरात, मग सर्वांत कमी जोरावर. सकाळी तीन गोष्टी पाहा: हायग्रोमीटरचा आकडा, यंत्राखालची फरशी आणि खिडकीची काच. फरशी ओलसर लागली, धुके वर जाण्याऐवजी खाली ओघळले किंवा काचेच्या आतून पाणी साचले, तर जोर जास्त आहे. आकडा ५५ च्या पुढे गेला तर पुढच्या रात्री यंत्र लावू नका.

कुठले यंत्र, कुठले पाणी

बाजारात बहुतेक अल्ट्रासोनिक यंत्रे दिसतात. त्यातली चकती कंपन पावते आणि पाण्याचे थंड धुके उडवते. ही शांत असतात आणि वीज कमी खातात. पण पाण्यात जे काही आहे, क्षार असोत की जंतू, ते सगळे धुक्यात जाते. क्षार सुकून टीव्हीच्या पडद्यावर पांढरी भुकटी म्हणून दिसतात आणि तीच फुप्फुसातही जाते. दुसऱ्या प्रकारात ओल्या जाळीतून पंखा हवा ओढतो. तिथे फक्त वाफ होते, क्षार जाळीतच राहतात, आणि हवा जितकी दमट तितका त्याचा वेग आपोआप मंदावतो. गोव्याच्या दमट हवेला हा प्रकार जास्त योग्य वाटतो, फक्त जाळी वेळेवर बदलावी लागते. गरम वाफेची यंत्रे लहान मुले असलेल्या खोलीत नकोतच. ती सांडून भाजते.

ओपा, अस्नोडा, साळावली या योजनांचे नळाचे पाणी नदी-धरणाचे असल्याने साधारण हलके असते. विहिरींचे तसे नाही. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर टाकीत तांबूस थर बसतो, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. अल्ट्रासोनिक यंत्राला आरओचे पाणी उत्तम, नाहीतर नळाचे उकळून गार केलेले. मात्र उकळल्याने जंतू मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात.

एसीच्या पाइपातून बादलीत जमणारे पाणी स्वच्छ दिसते, क्षारही नसतात, म्हणून ते ह्युमिडिफायरमध्ये घालण्याचा मोह होतो. ते कॉइलवरची धूळ आणि बुळबुळीत जंतूंचा थर धुऊन आलेले असते. त्याने फरशी पुसा. श्वासात घेऊ नका.

टाकीत पाण्याखेरीज काहीही टाकू नये. निलगिरी, लव्हेंडर, कापूर, काही नाही. तेलाने प्लास्टिक तडकते, श्वासनलिका चिडते आणि संवेदनशील त्वचेला पुरळ येतो. ‘जंतुनाशक’ द्रव तर मुळीच नाही. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके वर्षानुवर्षे सर्रास विकली जात होती. २०११ मध्ये त्यांचा संबंध फुप्फुसाच्या जीवघेण्या आजाराशी जोडला गेला आणि ती बाजारातून काढावी लागली. मेलेल्यांत लहान मुले आणि गरोदर बायकाही होत्या. जे प्यायला किंवा अंगाला लावायला चालते ते धुक्यातून फुप्फुसात चालेलच असे नाही.

धुण्याचे वेळापत्रक

इथे आळस चालत नाही. रोज सकाळी उरलेले पाणी ओतून टाका, टाकी विसळा, झाकण उघडे ठेवून वाळवा. संध्याकाळी ताजे पाणी. दर तिसऱ्या दिवशी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समान प्रमाणात घेऊन टाकीत व तळाच्या चकतीवर अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रशने घासा. क्षारांचा थर विरघळतो. चकती चमच्याने किंवा चाकूने खरवडू नका, ती बाद होते. व्हिनेगर पूर्ण धुऊन झाल्यावर आठवड्यातून एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. औषधाच्या दुकानात ते बहुधा सहा टक्क्यांचे मिळते, त्यात तेवढेच पाणी मिसळून तीन टक्क्यांचे करा, अर्धा तास ठेवा, मग तीन-चार वेळा स्वच्छ विसळा. व्हिनेगर आणि कपड्यांचे ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टाकीच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागले तर यंत्र त्या रात्री लावायचे नाही. यंत्र लावल्यावर काही तासांनी कोरडा खोकला, कणकण, छातीत जडपणा येतो आणि यंत्र बंद ठेवले की उतरतो, असे दोनदा झाले तर तो साधा सर्दी-खोकला समजू नका. यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना हे चक्र नीट सांगा.

कूलरचे काय?

कूलर ओल्या पॅडमधून हवा ओढतो आणि बाष्पीभवनाने ती गार करतो. बाहेर ३२ अंश आणि ३५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर सात-आठ अंश उतरवू शकतो. ३२ अंश आणि ७० टक्के असेल, जे गोव्यात मार्चपासून रोजचेच, तर तीन-साडेतीन. मग उरतो नुसता दमट वारा आणि घामोळे.

त्वचेसाठी तो वापरायचा असेल तर एकच प्रसंग आहे: जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या पूर्ववाऱ्याची दुपार, सांग्या-सत्तरीकडचे घर, हायग्रोमीटर चाळीसच्या खाली. कूलर उघड्या खिडकीत ठेवा आणि समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. खोली बंद करून लावला तर हिशेब बिघडतो. वर सांगितलेल्या ३२ घनमीटरच्या खोलीत २८ अंशांना ५५ वरून ९० टक्क्यांवर जायला जेमतेम ३०० ग्रॅम पाणी लागते, आणि कूलर तासाला लिटरभर सहज उडवतो. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी तर कधीच नको. एक पाणी घालतो, दुसरा काढतो.

कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून भिंती घासायच्या. नुसते पाणी ओतले तर कडेला चिकटलेली अंडी सुकूनही महिनोन्महिने जिवंत राहतात.

हवेने जे होत नाही ते

ह्युमिडिफायर त्वचेत पाणी भरत नाही, तो फक्त पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. ओलावा टिकवते ती त्वचेतली चरबी, आणि ती गरम पाण्याने व साबणाने धुतली जाते. म्हणून आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत, साबण काखा, जांघा आणि पायांपुरता. अंग टिपून घ्या, खसाखसा पुसू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, घट्ट क्रीम किंवा खोबरेल तेल लावा. कोरड्या अंगावर लावलेले खोबरेल नुसते तेलकटपणा देते. ओल्या अंगावर लावले तर खालचे पाणी अडवते. टाचा आणि ओठांना रात्री पेट्रोलियम जेली. काकूंच्या बाबतीत खाजेला खरा उतार पडतो तो या भागाने. ४८ टक्के आर्द्रता त्याला हातभार लावते.

एक धोका गोव्यात खास लक्षात ठेवायचा. कोरडी वाटणारी प्रत्येक खवलेदार त्वचा कोरडेपणाची नसते. कडा उठलेल्या, मधे निवळलेल्या गोल चकत्या कमरेला, जांघेत किंवा स्तनांखाली असतील तर तो गजकर्ण, म्हणजे बुरशी. हवा दमट केली तर तो पसरतो. खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात पुरळ, आणि घरातल्या दुसऱ्यालाही तेच, तर खरूज तपासून घ्या. आकडा ४५-५० वर आणि क्रीम नियमित, तरी दोन आठवड्यांत भेगा, पाणी सुटणे किंवा लालसरपणा कमी झाला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. थायरॉइड आणि मधुमेहातही त्वचा अशी कोरडी होते.

यंत्र कधी आवरायचे

बहुतेक किनारी घरांत फेब्रुवारीअखेर पहाटेचा आकडा आपोआप पन्नाशी ओलांडतो. मे महिन्यात एसी कितीही चालला तरी बाहेरची हवा इतकी पाणीदार असते की ह्युमिडिफायरला काम उरत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. यंत्र व्हिनेगरने धुऊन, सगळे भाग सुटे करून दोन दिवस उन्हाच्या कडेला वाळवा. जाळी असेल तर टाकून द्या, पुढच्या हंगामाला नवी. झाकण न लावता, कोरड्या कापडात गुंडाळून, जमिनीपासून वरच्या फळीवर ठेवा. डिसेंबरात बाहेर काढल्यावर आधी टाकीच्या तोंडाची रबरी कडी दाबून पाहा. पावसाळ्यानंतर ती कडक झालेली असते आणि मग स्टुलावर पाणी झिरपते.